अपघाताचा पंचनामा हातात आला की नेमकं काय वाचायचं : पंच, पाहिलेलं, जप्त केलेलं आणि सह्या

अपघात झाला की काही दिवसांनी घरच्यांच्या हातात कागदांचा एक गठ्ठा येतो, त्यात एफआयआर असते, घटनास्थळाचा पंचनामा असतो, गाडीचा जप्ती पंचनामा असतो, दवाखान्याचं सर्टिफिकेट असतं. एफआयआर सगळे वाचतात, चार-चार वेळा वाचतात. पंचनामा मात्र पहिल्या दहा ओळी वाचून बाजूला ठेवतात, कारण अक्षर लागत नाही आणि भाषा ती "सदरहू", "अन्वये", "मिळून आले" वाली. मी एका वकिलांकडे अपघात दाव्यांच्या फायली लावायचं काम करतो आणि माझा अनुभव असा की सगळ्यात जास्त माहिती त्या न वाचलेल्या दोन-तीन पानांतच असते, फक्त ती कुठल्या ओळीत आहे ते माहीत पाहिजे.

समजावून सांगायला एकच केस घेतो, ओळख पटू नये म्हणून गाव, नावं काही सांगत नाही. दुचाकी आणि टेम्पो समोरासमोर धडकले, रात्री साधारण 9 वाजता, दोन पदरी राज्यमार्गावर, मध्ये डिव्हायडर नाही. दुचाकीवाला पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललेला, टेम्पो पश्चिमेकडून पूर्वेकडे येत होता. दुचाकीवाला बेशुद्ध, दवाखान्यात. पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. आणि त्या पंचनाम्यात पहिल्याच पानावर एक वाक्य होतं, "दुचाकीस्वार भरधाव वेगात येऊन टेम्पोस धडकला". घरच्यांनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं संपलं सगळं, पोलिसांनीच आपल्या माणसाची चूक लिहिली, आता क्लेम काय मिळणार. त्याची बायको तर म्हणाली, "दादा, हे असं लिहिलंय म्हटल्यावर कोर्टात जाऊन तरी काय उपयोग?"

उपयोग होता, आणि त्याच कागदात होता. कसा ते क्रमाने बघू.

आधी गठ्ठ्यातला नेमका कागद ओळखा

एका अपघातात दोन-तीन वेगवेगळे पंचनामे असू शकतात आणि लोक ते एकच समजतात. घटनास्थळ पंचनामा म्हणजे जागेचं वर्णन. जप्ती पंचनामा म्हणजे काय ताब्यात घेतलं त्याची नोंद, हा जागेवर पण होतो किंवा नंतर पोलीस स्टेशनच्या आवारात पण होतो. माणूस गेला असेल तर इन्क्वेस्ट पंचनामा, तो मृतदेहाचा असतो, त्यात अंगावरच्या जखमा, कपडे आणि मरणाचं दिसणारं कारण असतं, रस्त्याचं मोजमाप शोधायला तिथे जाऊ नका. प्रत्येकाच्या डोक्यावर पोलीस स्टेशनचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं असतात. गुन्हा नंबर सगळ्या कागदांवर एकच आहे ना ते पहिल्यांदा बघा. पंचनामा गुन्हा दाखल व्हायच्या आधी झाला असेल तर तिथे गुन्हा नंबर नसून स्टेशन डायरीची किंवा अकस्मात मृत्यूची नोंद असेल, ते काही वावगं नाही. वावगं हे, की पंचनाम्याची वेळ एफआयआरच्या आधीची आहे आणि तरीही त्यात गुन्हा नंबर त्याच शाईत ओळीत बसवून लिहिलाय. मग तो कागद नंतर लिहिला का, हा प्रश्न उभा राहतो.

कॉपी मिळाली नसेल तर दोन सरळ रस्ते आहेत. तपास चालू असताना पोलीस स्टेशनला क्लेमसाठी कागद हवेत म्हणून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. चार्जशीट कोर्टात गेलं की कोर्टातून नक्कल काढता येते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम 230 प्रमाणे पोलीस रिपोर्ट आणि त्यासोबतचे कागद आरोपीला मोफत द्यायचे असतात आणि पीडिताच्या बाजूने वकील उभे असतील तर त्यालाही, त्यामुळे वकीलपत्र वेळेत दाखल करण्याला अर्थ आहे.

पंच म्हणजे साक्षीदार, पण कशाचा साक्षीदार?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पंच हा अपघात पाहिलेला माणूस नसतो. त्याने अपघातानंतरची जागा पाहिलेली असते, पोलिसांनी बोलावलं, आला, जे दिसलं ते लिहून घेतलं, सही केली. म्हणजे पंचाच्या सहीमुळे "टेप लावून इतकं अंतर भरलं" हे पक्कं होतं, "धडक कोणी मारली" हे पक्कं होत नाही. ज्यांनी अपघात घडताना पाहिला ते साक्षीदार वेगळे, त्यांचे जबाब वेगळ्या कागदावर असतात आणि त्या जबाबावर त्यांची सही घ्यायचीच नसते, म्हणून सही नसलेला जबाब बघून घाबरू नका.

पंचांची नावं वाचताना मी तीन गोष्टी शेजारी लिहून काढतो, वय, धंदा, पत्ता. पत्ता घटनास्थळापासून किती लांब आहे ते बघा. बंद जागेची झडती असेल तर कायदा म्हणतो की त्याच भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र आणि प्रतिष्ठित लोक पंच म्हणून घ्या, तिथले मिळाले नाहीत किंवा तयार नसतील तर दुसऱ्या भागातले चालतात. रस्त्यावरच्या घटनास्थळाला ती अट तशीच्या तशी लागत नाही पण पद्धत तीच पाळतात. मग हायवेवर शेजारी ढाबा, पंक्चरचं दुकान, शेतवस्ती असताना दोन्ही पंच 35 किलोमीटरवरचे कसे आले, हे विचारण्यासारखं आहे. त्याला साधं उत्तर पण असू शकतं, गावातले लोक कोर्टाच्या तारखांच्या भीतीने पंच व्हायला तयार नसतात, हे रोजचं आहे. त्यामुळे लांबचा पंच दिसला की लगेच खोटा पंचनामा असं म्हणू नका, फक्त खूण करून ठेवा.

दुसरं, पंचांपैकी कोणी टेम्पोमालकाच्या नात्यातला, त्याच्याकडे कामाला किंवा गावात त्याच्या शेजारी राहणारा आहे का ते बघा. आडनाव आणि पत्ता सारखा दिसला की चौकशी करा. तिसरं, हेच दोन पंच त्या पोलीस स्टेशनच्या इतर केसेसमध्ये वारंवार आहेत का, हे एका फायलीवरून कळत नाही पण तालुक्याच्या कोर्टात रोज बसणारे वकील नाव ऐकल्याबरोबर सांगतात.

आमच्या केसमध्ये एक पंच जवळच्या वस्तीवरचा शेतकरी होता, दुसरा 14 किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावातला, पोलीस स्टेशनच्या समोर झेरॉक्सचं दुकान असलेला. नात्यातला कोणी नव्हता. शेतकरी पंच महत्त्वाचा, कारण त्याने जागा खरंच पाहिली असणार आणि तो रोज त्याच रस्त्याने जातो.

"दिसून येते" आणि "दाखविल्यावरून" वेगळं करा

आता हातात दोन रंगांचे पेन घ्या, झेरॉक्सवर खुणा करा, मूळ कागदावर नाही. पंचांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं एका रंगात, दुसऱ्या कोणी त्यांना सांगितलेलं दुसऱ्या रंगात. पोलिसी मराठीत याच्या खुणा ठरलेल्या असतात. "दिसून येते", "मिळून आले", "पडलेले आहे", "मोजले असता" हे पाहिलेलं. "दाखविल्यावरून", "सांगितले की", "समजते की", "कळविले" हे ऐकलेलं.

आमच्या पंचनाम्यातली ती भीतीदायक ओळ पूर्ण वाचली तर अशी होती, "सदर ठिकाण टेम्पोचालक याने दाखविले असून त्याने सांगितले की दुचाकीस्वार भरधाव वेगात येऊन टेम्पोस धडकला". म्हणजे हे पोलिसांचं म्हणणं नाही, पंचांचं पण नाही, हे टेम्पोचालकाचं म्हणणं आहे. दुचाकीवाला बेशुद्ध असल्यामुळे जागा दाखवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ज्याच्यावर गुन्हा दाखल व्हायचा त्यानेच जागा दाखवली आणि त्यानेच गोष्ट सांगितली. तपासात पोलिसांना कोणी काय सांगितलं ते पंचनाम्यात लिहिलं म्हणून घटना तशीच घडली याचा पुरावा होत नाही, पंचनाम्याचा उपयोग पंचांनी जे पाहिलं त्यापुरताच. त्यामुळे ती ओळ दुसऱ्या रंगात गेली आणि तिचं वजन उतरलं. घरच्यांना हे समजावताना मी अर्धा तास घालवला असेल, पण एकदा कळलं की पुढचा कागद ते स्वतः वाचायला लागले.

हे उलट बाजूने पण लागू आहे हं. पंचनाम्यात "टेम्पोचालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला" असं लिहिलेलं असेल तरी ते पंचांनी पाहिलेलं नाही, त्याच्यावर भरवसा ठेवून बसू नका.

निरीक्षणं : कागदावरून नकाशा काढा

पहिल्या रंगात उरलेली वाक्यं आता कामाची. ती नुसती वाचून डोक्यात बसत नाहीत, म्हणून साधा नकाशा काढायचा, चौकटीची वही असेल तर उत्तम, एक चौकट म्हणजे अर्धा मीटर. पंचनाम्यासोबत पोलिसांचा कच्चा नकाशा जोडलेला असला तरी आपला वेगळा काढा, तो नंतर ताडून बघायला उपयोगी पडतो, आकडे एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरेच असं झालेलं मी पाहिलंय.

आमच्या कागदातली वाक्यं अशी. रस्ता डांबरी, पूर्व-पश्चिम, रुंदी 7 मीटर, दोन्ही बाजूला दीड मीटरची साइडपट्टी. दक्षिण कडेपासून 2 मीटर अंतरावर काचेचे तुकडे पडलेले आणि ऑइलचा डाग दिसून येतो. पश्चिमेकडून येणाऱ्या ब्रेकच्या दोन समांतर खुणा, त्यांच्यात साधारण दीड मीटर अंतर, त्यातली दक्षिणेकडची खूण उत्तर कडेपासून 3 मीटरवर सुरू होते आणि तिरकी जाऊन दक्षिण कडेपासून 2.2 मीटरवर संपते, लांबी 11 मीटर. दुचाकी दक्षिण बाजूच्या साइडपट्टीवर पडलेली. टेम्पो जागेवर नाही, वाहतुकीला अडथळा होत असल्याने रात्रीच बाजूला घेतला.

आता दिशा लावा. आपल्याकडे डावीकडून चालतात. पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्या दुचाकीची डावी बाजू म्हणजे दक्षिण, म्हणजे रस्त्याचा दक्षिणेकडचा साडेतीन मीटर भाग तिचा. पश्चिमेकडून पूर्वेला येणाऱ्या टेम्पोची डावी बाजू उत्तर, तिकडचा साडेतीन मीटर त्याचा. इथेच लोक सर्वात जास्त चुकतात, चालकाचं तोंड कुठे आहे ते न बघता डावं-उजवं ठरवतात. कागदावर बोटाने गाडी चालवून बघा, लाज वाटून घेऊ नका, मी अजून तसंच करतो.

खुणा टेम्पोच्या दिशेने येतात. दोन समांतर आहेत आणि मध्ये दीड मीटर अंतर आहे म्हणजे त्या दुचाकीच्या नाहीत, चारचाकीच्या आहेत. दक्षिणेकडची खूण म्हणजे टेम्पोच्या उजव्या चाकाची. ती उत्तर कडेपासून 3 मीटरवर सुरू झाली, मध्य साडेतीनवर आहे, म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात झाली तेव्हा टेम्पो स्वतःच्या बाजूला होता. संपली ती दक्षिण कडेपासून 2.2 मीटरवर, 7 मधून 2.2 वजा केले की उत्तर कडेपासून 4.8 मीटर. म्हणजे उजवं चाक मध्य ओलांडून 1.3 मीटर पलीकडे, दुचाकीच्या भागात गेलं होतं. आणि काच, ऑइल दक्षिण कडेपासून 2 मीटरवर, तेही दुचाकीच्याच भागात. चालकाने सांगितलेली गोष्ट आणि त्याच पानावरचं मोजमाप एकमेकांशी जुळत नाहीत.

आता थोडं थांबायचं. यातल्या प्रत्येक खुणेची मर्यादा समजून घ्या नाहीतर समोरचा वकील पाच मिनिटांत उडवून लावेल. काचेचे तुकडे धडकेनंतर गाडीच्या वेगाने पुढे उडतात, आणि इथे पंचनामा 13 तासांनी झाला, रात्रभर ट्रक गेले असणार, तुकडे सरकले असणार. त्यामुळे एकट्या काचेवरून धडकेची जागा ठरवता येत नाही. पडलेली दुचाकी तर लोक जखमीला उचलताना हलवतातच. ऑइलचा डाग आणि ब्रेकची खूण जागची हलत नाही, पण ब्रेकची खूण दुसऱ्या कुठल्या गाडीची असू शकते, आदल्या दिवशीची असू शकते. म्हणून एक खूण नाही, तीन-चार खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात का हे बघायचं. इथे खूण जिथे संपते तिथून जवळच काच आणि ऑइल आहे, म्हणून ती याच अपघाताची आहे असं म्हणायला आधार आहे. गाड्यांवरच्या माराबद्दल एक सांगतो, दोन्ही गाड्यांची उजवी बाजू चेपलेली असेल तर समोरासमोर उजव्या बाजूने लागले इतकंच कळतं, मध्य कोणी ओलांडला ते कळत नाही, लोक या एका गोष्टीवर फार बांधतात.

मोजमाप टेपने केलंय की "अंदाजे" लिहिलंय तेही बघा. काही जुन्या हातांचे पंचनामे अजून पावलात किंवा फुटात असतात, सगळं एका मापात आणा आणि पावलं असतील तर अर्धा मीटरचा फरक सहज धरून चाला. 1.3 मीटरचा निष्कर्ष "अंदाजे 5 पावलं" वर उभा राहत नाही.

आणि काय लिहिलेलं नाही ते पण वाचा. रात्रीचा अपघात, तर लाइटचा खांब आहे की नाही? वळण आहे का, गतिरोधक आहे का, खड्डा आहे का, मधली पांढरी पट्टी आहे की पुसलेली? चतुःसीमा लिहिली आहे का, म्हणजे पूर्वेला काय, पश्चिमेला काय, कारण त्यावरूनच नंतर जागा सापडते. आमच्या पंचनाम्यात पांढऱ्या पट्टीचा उल्लेखच नव्हता. मग घरच्यांपैकी एकाला मी त्याच आठवड्यात पाठवलं, चतुःसीमेत लिहिलेली विहीर आणि किलोमीटरचा दगड यांच्यावरून जागा शोधून मोबाइलवर फोटो काढले, पट्टी स्पष्ट दिसत होती. महिन्याभराने रस्त्याचं डांबरीकरण झालं असतं तर ते पण गेलं असतं.

जप्त केलेलं सामान

इथे प्रत्येक वस्तूपुढे चार प्रश्न : नेमकं वर्णन आहे का, कुठून घेतली, कोणाकडून घेतली, पॅक आणि सील कसं केलं. गाडी असेल तर रजिस्ट्रेशन नंबरसोबत चेसिस आणि इंजिन नंबर हवा, मार कुठे लागलाय ते हवं, गाडी चालू स्थितीत आहे का ते हवं. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल नंतर येतो, त्यातला मार आणि जप्ती पंचनाम्यातला मार जुळला पाहिजे, मध्ये गाडी दुरुस्त झाली असेल तर तिथेच उघडं पडतं. काचेचे तुकडे, रक्ताचा नमुना अशा वस्तू पाकिटात घालून, पंचांच्या सह्यांचं कागदी लेबल लावून, लाखेने सील केल्याची ओळ असते. ती ओळ नसेल आणि नंतर ती वस्तू लॅबला गेली असेल तर मधल्या काळात ती कोणाच्या हातात होती हा प्रश्न राहतो. शेवटी मुद्देमाल नंबर, तो मुद्देमाल पावतीशी ताडून घ्या.

बंद जागेची झडती झाली असेल तर जप्त वस्तूंच्या यादीची पंचांच्या सहीची प्रत त्या जागेत राहणाऱ्या माणसाला मिळाली पाहिजे, हे संहितेच्या कलम 103 मध्ये आहे. आणि कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं, यादी करण्यापासून पंचांच्या सहीपर्यंत, ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असतं, मोबाइलवर चालतं, आणि ते उशीर न करता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. म्हणून जुलै 2024 नंतरच्या केसमध्ये जप्ती पंचनाम्यात रेकॉर्डिंगचा उल्लेख आहे का ते शोधाच, असेल तर वकिलांमार्फत त्याची प्रत मागा, कागदात नसलेलं बरंच काही त्यात मागे दिसतं.

आमच्या केसमध्ये अडचण हेल्मेटची होती. दुचाकीवाल्याने हेल्मेट घातलं होतं, दवाखान्यात नेताना एका गाववाल्याने ते काढून स्वतःच्या गाडीत ठेवलं आणि चार दिवसांनी घरी आणून दिलं. पंचनाम्यात हेल्मेटबद्दल एक अक्षर नाही. विमा कंपनीचा वकील म्हणणार हेल्मेट नव्हतंच, आणि डोक्याला मार असल्यामुळे नुकसान भरपाईतून काही भाग कमी करा. इथे फरक लक्षात घ्या, "जागेवर हेल्मेट मिळून आले नाही" असं लिहिलं असतं तर ते पंचांचं निरीक्षण झालं असतं, पण काहीच लिहिलेलं नाही म्हणजे हेल्मेट नव्हतं असं नाही, फक्त नोंद नाही. आम्ही हेल्मेट तसंच, न पुसता, पेपरमध्ये गुंडाळून तपास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्जासोबत नेलं, कोणी कधी आणून दिलं ते लिहिलं, त्या गाववाल्याचा जबाब घ्या अशी विनंती केली. त्यांनी वेगळा जप्ती पंचनामा करून घेतला. उशिराची तारीख त्यावर पडलीच, त्यामुळे प्रश्न विचारले जाणार, पण कारण कागदावर आहे. वस्तू घरात ठेवून कोर्टात एकदम काढणं याच्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

सह्या आणि वेळा

शेवटच्या पानावर जा. दोन्ही पंचांच्या सह्या, "समक्ष" म्हणून पोलीस अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा. प्रत्येक पानावर सही आहे की फक्त शेवटच्या? मधलं पान नंतर बदललं का, ही शंका फक्त शेवटच्या सहीने मिटत नाही. खाडाखोड असेल तिथे शेजारी छोटी सही हवी, आकड्यावरची खाडाखोड जास्त काळजीने बघा, 2 चा 5 व्हायला वेळ लागत नाही. अंगठा असेल तर "निशाणी डावा अंगठा" आणि तो कोणाचा ते नाव हवं, शिवाय "वाचून दाखविला, बरोबर आहे" ही ओळ हवी. मजकूर संपतो तिथून सहीपर्यंत मोठी कोरी जागा सोडली असेल किंवा शेवटच्या ओळी सहीला चुकवून बारीक अक्षरात दाटीने बसवल्या असतील तर सही आधी आणि मजकूर नंतर असा संशय येतो. कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या पंचनाम्यात वेगळी गोष्ट बघा, जुन्या फाइलमधून उचललेला मजकूर, मध्येच भलत्याच गाडीचा नंबर, किंवा रस्त्याच्या अपघातात "दरवाजाचा कडीकोयंडा सुस्थितीत" असलं काहीतरी राहून गेलेलं.

मग वेळा. पंचनाम्यात सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ असते. सगळ्या पंचनाम्यांच्या वेळा एका कागदावर एकाखाली एक लिहा, शेजारी जागा आणि पंचांची नावं. पाच मिनिटांचं काम आहे आणि यातूनच सगळ्यात मोठ्या चुका सापडतात. आमच्याकडे घटनास्थळ पंचनामा 10.15 ते 11.00, रस्त्यावर. टेम्पोचा जप्ती पंचनामा 10.45 ते 11.15, पोलीस स्टेशनच्या आवारात. पंच तेच दोघं. मध्ये 14 किलोमीटर. म्हणजे 10.45 ते 11.00 ही माणसं कागदावर दोन ठिकाणी होती.

पहिल्यांदा असं काही सापडलं की आनंद होतो, पण जरा विचार करा, हा घटनास्थळ पंचनामा कोणाच्या फायद्याचा आहे? आपल्याच. ब्रेकच्या खुणा त्यातच आहेत. आपणच त्या पंचांना खोटं पाडलं तर आपलं मोजमाप पण त्यांच्यासोबत जातं. वेळेच्या गोंधळाचा फायदा इथे टेम्पोवाल्याला, आपल्याला नाही. म्हणून चूक सापडली की आधी हे ठरवा की या कागदावर आपण उभे आहोत की समोरचा. आणि अशा चुकीने अख्खा पंचनामा आपोआप रद्द होतो असं समजू नका, कोर्ट बाकीच्या पुराव्यासोबत त्याचं वजन ठरवतं. फौजदारी कोर्टात पंच किंवा पंचनामा करणारा अधिकारी साक्षीला येऊन तो शाबित करावा लागतो, पंच फितूर झाला तरी अधिकाऱ्याच्या साक्षीवर काही वेळा भागतं. मोटार अपघात दावा प्राधिकरणात पुराव्याचे नियम तितके कडक लावत नाहीत, तिथे पारडं कुठे झुकतं ते बघतात, त्यामुळे तिथे पोलिसांच्या कागदांचं वजन बरंच राहतं.

आम्ही काय केलं, तर त्या मोजमापाला पंचांच्या सहीशिवाय दुसरा टेकू शोधला. अपघाताच्या रात्रीच तिथून जाणाऱ्या एकाने मोबाइलवर फोटो काढले होते, गाववाल्यांच्या ग्रुपवर फिरत होते, त्यातल्या एकात टेम्पो हलवायच्या आधीचा उभा दिसतो आणि त्याच्या मागे खुणा. ग्रुपवरून आलेला फोटो नाही, ज्याच्या मोबाइलमध्ये काढला त्याच्याकडून मूळ फाइल घेतली, कारण तिच्यात तारीख-वेळ राहते, आणि त्याला साक्षीला यायची तयारी आहे का ते विचारून ठेवलं. शेतकरी पंचालाही भेटलो, काय सांगायचं ते शिकवायला अजिबात नाही, फक्त तो किती वाजता आला आणि टेप कोणी धरली होती ते विचारायला. त्याने सांगितलं की तो 9.30 लाच आला होता आणि तिथून पोलीस स्टेशनला गेलाच नाही, दुसऱ्या कागदावर सही जागेवरच घेतली. म्हणजे कच्चा कागद जप्तीचा निघाला, रस्त्याचा नाही. हे सगळं तारखेसकट एका पानावर लिहून वकिलांना दिलं, सोबत चौकटीच्या वहीतला तो नकाशा, दोन रंगांची झेरॉक्स आणि वेळांचा तक्ता लावला.